आमची वाटचाल: जामीनदाराला पाठवायचं पत्र

गोव्यात डिचोलीला आमचं दुकान सुरू झालं ते टंकलेखन आणि अर्ज लिहून देण्यासाठी. पुढे संगणक आला, झेरॉक्स आली, आणि आजूबाजूच्या पतसंस्था आपली पत्रं आमच्याकडे टाईप करायला देऊ लागल्या. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभे राहिले आणि थकीत हप्त्यांच्या पत्रांचा ओघ लागला. 2018 ला पुन्हा तेच. कर्जदाराला जाणारी पत्रं बरी असत. जामीनदाराला जाणारी मात्र वाचवत नसत.

त्यातलं एक अजून आठवतं. टेम्पोसाठी कर्ज होतं आणि जामीनदार होते एक शिक्षक. पत्रात लिहिलं होतं: ‘आपल्या भरवशावर कर्ज दिले होते. आपण गप्प बसलात. तात्काळ संपूर्ण रक्कम भरा, अन्यथा आपली अब्रू चव्हाट्यावर येईल.’ या माणसाला हप्ते थकल्याचं कळवणारं हे पहिलंच पत्र. मग तो गप्प बसला कधी? किती हप्ते, कोणत्या महिन्यांचे, यातलं काहीही पत्रात नव्हतं. ‘संपूर्ण रक्कम’ म्हणजे थकीत हप्ते की सगळी येणे बाकी, हेही वाचणाऱ्याने ओळखायचं.

आम्ही पतसंस्थेच्या सचिवांकडून खातेउतारा मागवला. हप्ता 8,450 रुपयांचा, दर महिन्याच्या 5 तारखेला. जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरचे तीन हप्ते थकले होते, म्हणजे 25,350. पण ऑगस्टमध्ये कर्जदाराने 3,000 भरले होते. जुन्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. जामीनदाराने कर्जदाराला विचारलं असतं तर पहिल्याच वाक्यात संस्था खोटी ठरली असती. म्हणून नवा मसुदा असा झाला:

‘श्री. ____ यांच्या वाहन कर्जास आपण जामीनदार आहात. या खात्याचे जुलै, ऑगस्ट व सप्टेंबर या महिन्यांचे हप्ते पूर्ण भरले गेलेले नाहीत. ऑगस्टमध्ये जमा झालेले 3,000 रुपये वजा जाता, 10 सप्टेंबर रोजी हप्त्यांची थकबाकी 22,350 रुपये व दंडव्याज 390 रुपये, एकूण 22,740 रुपये आहे. कर्जदारास याबाबत पत्र दिले आहे. जामीन करारानुसार ही रक्कम आपल्याकडूनही मागण्याचा संस्थेस अधिकार आहे. 30 सप्टेंबरपर्यंत थकबाकी भरली जावी, किंवा आपण कार्यालयात येऊन बोलावे. खातेउतारा सोबत जोडला आहे.’

सचिव म्हणाले, “भाई, इतकं मऊ लिहिलं तर भरणार कोण?” मऊ काहीच नव्हतं. अधिकाराचं वाक्य गाळलं असतं तर पत्र मऊ झालं असतं, आणि जामीनदाराने ते नुसती माहिती समजून बाजूला ठेवलं असतं. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हे धमकीविना सांगता येतं, आणि सांगायलाच हवं.

खरी अडचण निघाली सौम्य करण्याच्या हौसेतून. पत्र जरा माणुसकीचं वाटावं म्हणून सचिवांनी पुढे स्वतःच एक ओळ घातली: ‘कर्जदारास सहा महिन्यांची मुदत दिली आहे.’ संस्थेच्या वकिलांनी ती खोडली. संस्थेने जामीनदाराच्या संमतीशिवाय कर्जदाराशी मुदत वाढवण्याचा करार केला, तर कलम 135 खाली जामीनदार सुटू शकतो. नुसतं थांबणं, म्हणजे दावा लगेच न लावणं, वेगळं. त्याने जामीनदार मोकळा होत नाही, असं कलम 137 सांगतं. बऱ्याच छापील जामीनपत्रांत जामीनदाराने कलम 135 खाली सुटण्याचा हक्क आधीच सोडलेला असतो, पण ते जामीनपत्र वाचून पाहिल्याशिवाय गृहीत धरू नये. तशी मुदत खरोखर दिलेलीही नव्हती. सचिव फक्त थांबले होते. मग लिहिलं, ‘संस्थेने अद्याप पुढील कारवाई सुरू केलेली नाही.’ जे घडलं होतं ते एवढंच.

कर्जदाराच्या घरचं आजारपणही सचिवांना पत्रात हवं होतं. ते आम्ही घेतलं नाही. जामीनदाराचा संबंध खात्याशी, कुणाच्या तब्येतीशी नव्हे. याच कारणाने अशी पत्रं आम्ही बंद पाकिटातून, घरच्या पत्त्यावर पाठवायला सांगतो. शाळेच्या पत्त्यावर गेलं तर आधी शिपाई वाचतो, मग सगळी शाळा.

हल्ली तालुक्याबाहेरूनही असे मसुदे येतात. दोन जामीनदार असले तर दोघांना वेगवेगळं पत्र, आणि प्रत्येकात दुसरा जामीनदार असल्याचा उल्लेख. संस्था एकाकडेही पूर्ण रक्कम मागू शकते. ज्याने भरली, तो दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागू शकतो, आणि त्यासाठी त्याला दुसरा कोण हे माहीत असावं लागतं.