बायोडाटा बाजूला ठेवला आणि सिस्टरांना फोन लावला

चोपड्याचा कार्यक्रम होता, सूत्रसंचालन माझ्याकडे, पुरस्कार सातपुड्यातल्या पाड्यांवर लसीकरण करणाऱ्या एका सिस्टरांना, आणि आयोजकांनी मला परिचय म्हणून दोन पानी बायोडाटा दिला, त्यात शिक्षण, नेमणुका, प्रशस्तिपत्रं आणि "सेवाव्रती, तपस्विनी" असले शब्द. हे मंचावरून वाचलं की लोक चहाकडे बघायला लागतात, आणि मानपत्र तर वेगळं वाचलं जाणारच होतं, तेच दोनदा कशाला.

म्हणून सकाळीच फोन केला. पुरस्काराबद्दल विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी काय मोठं करं भाऊ, नोकरीच त करी." मग मी विचारलं, ताई, लसीकरणाच्या दिवशी सकाळी पहिलं काम काय असतं? तर लगेच बोलायला लागल्या. आइस पॅक फ्रीजरमधून काढला की थेट लसीच्या डब्यात नाही ठेवायचा, बाहेर राहू द्यायचा, मग कानाशी धरून हलवायचा, आतलं पाणी खळखळलं की मगच भरायचा. कारण डब्यात २ ते ८ अंश हवं, एकदम कडक गोठलेला पॅक लागला तर पेंटाव्हॅलंटसारखी लस गोठते आणि वाया जाते, गोठून वितळली तर वरून बघून पटकन कळतही नाही.

मला परिचय तिथेच मिळाला. कार्डावर मोठ्या अक्षरात लिहिलं, दीड मिनिटात संपेल एवढंच, आणि त्यांना वाचून दाखवलं. एका पाड्याचं नाव मी चुकीचं ऐकलं होतं ते त्यांनी सुधारलं, आडनावाचा उच्चारही विचारून घेतला. गुडघे दुखतात, पायऱ्या चढायला वेळ लागतो असंही कळलं, म्हणून आयोजकांना सांगून त्यांना पहिल्या रांगेत कडेला बसवलं.

मंचावर बोललो ते असं:

"मंडळी, सकाळी आरोग्य केंद्रात एक बाई बर्फाचा पॅक कानाशी धरून हलवतेय. पाणी वाजेपर्यंत ती डबा भरत नाही, कारण घाई केली तर लस गोठेल, आणि बाळाला सुई टोचूनही उपयोग होणार नाही. मग तो डबा खांद्याला लावून ती नाला ओलांडते, पाड्यावर पोचते, पावरी बोलीत आईला समजावते. हे बघायला तिथे कुणी साहेब नसतो. या कामासाठी आजचा पुरस्कार स्वीकारायला येताहेत..."

नाव शेवटी. आधी घेतलं असतं तर टाळ्या तेव्हाच वाजल्या असत्या आणि पुढचं कुणी ऐकलं नसतं. नाव घेऊन मी माईकपासून बाजूला झालो, त्या चढेपर्यंत एक शब्द बोललो नाही, टाळ्या चालूच होत्या.

मनोगताला दोन मिनिटं ठरली होती. सिस्टरांनी माईक घेतला आणि बाळाला डोस दिल्यावर अर्धा तास थांबवून का ठेवायचं ते समोरच्या आयांना समजावत बसल्या. मला वेळेची चिठ्ठी आली, ती मी खिशात टाकली.