मुद्दाम आणलेली चक्कर
आज थेरपिस्टकडे फिरत्या खुर्चीवर १ मिनिट गरागरा फिरले, पॅनिक अटॅकमध्ये येते तशी चक्कर मुद्दाम आणून तिची भीती घालवायला! (डॉक्टरांकडून आधी तपासून घेतलंय, हार्टचा किंवा फिट्सचा त्रास असेल तर असलं स्वतःहून करू नका.) खुर्ची थांबली की खरी परीक्षा, टेबल धरायचं नाही, डोळे मिटायचे नाहीत, पाणीसुद्धा नाही, नाहीतर डोकं म्हणतं "टेबल धरलं म्हणून वाचलीस". मग भीती १० पैकी किती ते सांगायचं. आधी ८ म्हटलं, आता पडणारच असं वाटत होतं, पडले काही नाही. थोडं थांबून परत, मग परत. शेवटी भीती ३ वर आली आणि चक्कर मात्र तेवढीच, हे भारी वाटलं! आता घरी रोज करायचंय. आई म्हणते, पैसे देऊन चक्कर आणतेस होय गं 😄