दहा किलोंच्या भाजीसाठी शिवलेली पिशवी

दादरच्या भाजीबाजारातून परतताना, पुलाचा जिना चढत असतानाच माझ्या पहिल्या अस्तराच्या पिशवीचा एक बंद तोंडापाशी सुटला आणि कांदे पायऱ्यांवर घरंगळले. घरी येऊन पिशवी उलटी केली, तेव्हा तळाच्या कोपऱ्यात अस्तरही चार बोटे उसवलेले दिसले. बाहेरचे कॅनव्हास मात्र जसेच्या तसे होते. म्हणजे जाड कापड धड राहिले होते आणि वजन भलत्याच ठिकाणी पडले होते.

कारण शोधायला वेळ लागला नाही. अस्तर आत गोळा होऊ नये म्हणून मी ते उंचीला एक सेंटिमीटर कमी कापले होते. त्यामुळे ते कॅनव्हासच्या तळावर न टेकता अधांतरी राहिले आणि बटाट्यांचा सगळा भार पातळ सुती अस्तराच्या टिपेवर आला. दुसऱ्या पिशवीत मी अस्तराची उंची आणि तळाची खोली बाहेरच्या कापडाइतकीच ठेवली. फक्त बाजूच्या शिवणी तीन-तीन मिलिमीटर आत घेतल्या.

तयार पिशवी ३६ सेंमी रुंद, ३६ सेंमी उंच आणि तळाला १२ सेंमी खोल हवी होती. शिवणीसाठी कडेला एक सेंटिमीटर माया धरून प्रत्येक बाजूचा तुकडा ५० सेंमी रुंद आणि ४४ सेंमी उंच आला, कारण रुंदीत तळाची पूर्ण खोली मिळवावी लागते आणि उंचीत तिचा निम्मा भाग. कॅनव्हास कापण्याआधी धुऊन वाळवले, कारण न धुता त्यावर फ्युझिंग, म्हणजे आतून इस्त्रीने चिकटवायचे ताठर कापड, लावले आणि नंतर कॅनव्हास आटले, तर त्यावर फुगे येतात. फ्युझिंग विणलेले घेतले आणि चारही बाजूंनी एक सेंटिमीटर कमी कापले, म्हणजे ते मायेत जाऊन कोपरे जाड होत नाहीत. इस्त्री फिरवायची नाही, एका जागी दहा-पंधरा सेकंद दाबून धरायची आणि कापड पूर्ण गार होईपर्यंत हलवायचे नाही. फ्युझिंगने पिशवीला उभेपणा येतो. भार पेलण्यासाठी मात्र त्याच्यावर विसंबता येत नाही.

बंद मी बाजू जोडण्याआधीच, सपाट तुकड्यावर लावले. तीन सेंटिमीटर रुंदीच्या सुती पट्टीचे टोक दीड सेंटिमीटर आत दुमडून ते तोंडापासून खाली दहा-बारा सेंटिमीटरपर्यंत आणले आणि मागे कॅनव्हासचा जोडतुकडा ठेवून चौकोन शिवला, मग त्यात तिरकी फुली मारली. पहिल्या वेळी बंदाची टोके तोंडाच्या शिवणीत नुसती खोचलेली होती आणि तेवढ्या एका टिपेवरच सगळी ओढ येत होती. आमच्या गल्लीतले शिंपीकाका शेजारी बसून पाहत होते. “ताई, टीप बारीक घेऊ नका, सुईची भोकं जवळ आली की कापड तिकिटासारखं फाटतं,” असे ते म्हणाले. मी टाका तीन मिलिमीटरचा केला, सुई १६ नंबरची लावली आणि पॉलिएस्टरचा दोरा घेतला.

कोपरे करताना बाजूची आणि तळाची शिवण उलगडून दाबली आणि कोपरा चिमटीत धरून एका शिवणीवर दुसरी बरोबर ठेवली. बोटांनी चाचपले की दोन्ही शिवणींची घडी एकमेकींवर आल्याचे कळते. तिथे टाचणी उभी घातली. मग शिवलेल्या टोकापासून, कापडाच्या कडेपासून नव्हे, शिवणीवर सहा सेंटिमीटर मोजून खडूने आडवी रेघ मारली. खात्री एकाच गोष्टीने करायची: रेघ घडीपासून घडीपर्यंत बरोबर १२ सेंमी भरली पाहिजे आणि शिवण तिच्या मध्यावर आली पाहिजे. रेघ कमी भरली तर कोपरा उथळ राहतो आणि तळ तिरका दिसतो. दोन्ही टोकांना उलट टीप घेतली, मायेच्या बाजूला तीन मिलिमीटरवर दुसरी टीप मारली आणि मगच त्रिकोण कापला, कारण उसवायला सुरुवात होते ती या घडीच्या टोकांपासून. अस्तराचे कोपरेही असेच केले, फक्त त्याच्या तळाच्या शिवणीत पंधरा सेंटिमीटर जागा उघडी ठेवली. तोंड शिवून झाल्यावर त्याच जागेतून पिशवी सुलट केली आणि तिथूनच हात घालून अस्तराच्या कोपऱ्यांची माया बाहेरच्या कोपऱ्यांच्या मायेला हातटाक्यांनी बांधली, जेणेकरून भाजी काढताना अस्तर वर ओढले जाणार नाही. मग ती जागा बंद केली.

मी दहा किलो तांदूळ भरून पिशवी रात्रभर खिडकीच्या गजाला टांगून ठेवली. सकाळी बंदाच्या चौकोनाची वरची टीप भिंगाखाली पाहिली: पहिल्या पिशवीत भोके लांबट झाली होती, इथे ती गोलच होती. आत हात घालून पाहिले, तर अस्तर तळाला सपाट टेकलेले होते.