पनवेल ते सावंतवाडी: १६ की १७ इंची चाकं?

मुंबई-गोवा महामार्गावर १६ आणि १७ इंची चाकांतला फरक नागोठणे-कोलाड-माणगाव पट्ट्यातच कळतो. एकाच गाडीच्या दोन व्हेरिएंटचं उदाहरण घ्या: खालच्याला २०५/६० आर१६, वरच्याला २०५/५५ आर१७. पहिल्या टायरचा गाल, म्हणजे रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतची रबराची उंची, १२३ मिमी. दुसऱ्याचा ११३. खड्ड्याचा दणका आधी हा गालच झेलतो, आणि १७ इंचीत त्यातला सेंटीमीटरभर गेलेला असतो. काँक्रीट आणि डांबराच्या सांध्यावर म्हणूनच १७ इंची गाडी 'टक्' करून उडते, १६ इंची दबकन उतरते.

कोलाडच्या पुढे पावसात खड्डे पाण्याने भरलेले असतात, खोली दिसत नाही. धारदार कडेवर चाक आदळलं की गाल रिम आणि कडेमध्ये चिमटला जातो, आतले धागे तुटतात आणि तिथे फुगा येतो. हवा कमी असेल तर हे आणखी लवकर होतं. निघण्याआधी टायर थंड असताना ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा बघून हवा भरा. राइड मऊ व्हावी म्हणून त्यापेक्षा कमी ठेवू नका.

महाडला चहाला थांबलात की चारही टायरच्या गालावरून तळहात फिरवा. आतली बाजू सहसा कुणी बघत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरची ती बाजू टॉर्चने पाहा. फुगा दिसला तर स्टेपनी लावा. त्याला पॅच बसत नाही, टायर बदलावाच लागतो. फुगा नाही, पण रोज थोडी हवा उतरते? मग रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर रिम वाकलेली असू शकते. काशेडी बोगद्यानंतर मोकळ्या रस्त्यावर ८०च्या आसपास स्टिअरिंग थरथरलं, तर रिम आणि व्हील बॅलन्सिंग दोन्ही तपासून घ्या.

खर्चाचं म्हणाल तर १७ इंची टायर महाग, शिवाय छोट्या गावात तोच साइज मिळेलच असं नाही. निघण्याआधी चिपळूण आणि कणकवलीच्या टायरवाल्यांना फोन करून साइज आहे का विचारा. नेहमीच्या विमा पॉलिसीत नुसता टायर फुटला तर भरपाई नाही. गाडीचंही नुकसान झालं असेल तरच निम्मी किंमत मिळते. टायरसाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. स्टेपनी लहान मापाची असेल तर तिच्यावर लिहिलेल्या वेगापुढे जाऊ नका.

वर्षातून तीन-चारदा कोकणात जाणाऱ्याने १६ इंची व्हेरिएंटच घ्यावा, हे आमचं स्पष्ट मत. वरच्या व्हेरिएंटचं एखादं फीचर हवंच असेल तर डिलिव्हरीआधीच त्याच गाडीची कंपनीची १६ इंची चाकं बसतात का, ब्रेक कॅलिपरला घासत नाहीत ना, हे तपासून घ्या. या दोन मापांत चाकाच्या एकूण व्यासाचा फरक जेमतेम ५ मिमी आहे, त्यामुळे स्पीडोमीटर जवळपास तसाच राहतो.