ताप नव्हता, तरी तिघंही आजारी

जुलैत डिचोलीला झाड पडून तारा तुटल्या आणि आमच्याकडे दोन दिवस वीज नव्हती. पेट्रोलचा जनरेटर भिजू नये म्हणून मी तो मागच्या पडवीत, स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला. पडवीला पावसासाठी प्लास्टिक बांधलेलं. दार किलकिलं ठेवलं की पुरे, असा माझा हिशेब.

सकाळी तिघांचंही डोकं ठणकत होतं. बायकोला मळमळत होतं, आईचे पाय लटपटत होते. गावात फ्लूची साथ होतीच, म्हणून पॅरासिटामॉल घेऊन पडून राहिलो. मी औषधाच्या दुकानापर्यंत चालत गेलो, तर वाटेत बरं वाटू लागलं. घरी परतून तास झाला नाही तोच डोकं पुन्हा धरलं. तिथेच कळायला हवं होतं. कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर आईच्या बोटाला लावला, ९८ आले, आणि मी निर्धास्त झालो.

दुपारी आई पेज ढवळताना खाली बसली ती उठेचना. शेजाऱ्याच्या गाडीतून इस्पितळ गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ताप नाही, घसा नाही, आणि तिघं एकदम? घरात काय जळतंय?" मी ९८चा आकडा सांगितला. "तो विसरा," त्या म्हणाल्या. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू चिकटलेलं हिमोग्लोबिनही लालभडक असतं. बोटावरचं यंत्र त्यालाही ऑक्सिजनवालंच समजतं. खरा आकडा रक्त तपासूनच कळतो. आईचं २४ टक्के हिमोग्लोबिन या वायूने धरलेलं निघालं, बाहेर फिरून आलेल्या माझं १३.

हा वायू हिमोग्लोबिनवर ऑक्सिजनच्याच जागेवर बसतो, आणि त्याची पकड ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट असते. म्हणून हवेत थोडासा असला तरी रक्तात साठत जातो. वर उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजनही तो सहजी सुटू देत नाही. रक्तात असूनही पेशींना मिळत नाही. मेंदू आणि हृदय आधी कासावीस होतात. डोकेदुखी, मळमळ, गळाठा त्यातूनच येतो. जंतू नसतो, म्हणून ताप नसतो.

आईला पिशवी लावलेला घट्ट मास्क दिला, मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन. पकड घट्ट असली तरी कायमची नसते; फुप्फुसात ऑक्सिजनची गर्दी केली की तो एकेक जागा परत घेतो. साध्या हवेत निम्मा वायू जायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड. म्हणजे दीड तासात २४चे १२, तीन तासांत ६. तरी मास्क लगेच काढला नाही, आणि हृदयाचा आलेखही काढला. आकडा उतरला म्हणजे मेंदूला काही झालं नाही असं धरता येत नाही, म्हणून काही आठवडे विसरभोळेपणा आणि चाल यांवर लक्ष ठेवायला सांगितलं.

मी रोज आईला काहीबाही विचारून बघायचो. एकदा ती वैतागली. "सगळं आठवतं मला. जनरेटर कुठे ठेवला होतास, तेसुद्धा."