गाळणीच्या पलीकडचा नळ

"डॉक्टर, ही बीपीची गोळी किडनी सांभाळते म्हणून दिलीत ना? तीन आठवड्यांत माझं क्रिएटिनिन १.२ वरून १.४ झालं. मग ती किडनी सांभाळते की बिघडवते?"

सांभाळते. आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून गाळून टाकायचा कचरा, थोडं वाढलं, तेही बहुधा ती सांभाळतेय म्हणूनच. वाक्य विचित्र वाटतं, मला मान्य आहे. ते पटायचं तर किडनीच्या एका गाळणीत डोकावावं लागेल. प्रत्येक किडनीत अशा साधारण दहा लाख गाळण्या असतात.

शरीरात इतरत्र रक्त धमनीतून केशवाहिन्यांत जातं आणि तिथून शिरेत, म्हणजे उतारावरून वाहत गेल्यासारखं. किडनीची गाळणी याला अपवाद आहे. केशवाहिन्यांच्या या गुंत्यात रक्त एका बारीक धमनीतून आत येतं आणि दुसऱ्या बारीक धमनीतूनच बाहेर पडतं. दोन्ही धमन्यांच्या भिंतीत स्नायू असतात, म्हणजे त्या आवळता येतात आणि सैलही सोडता येतात. गाळणीच्या अलीकडे एक नळ, पलीकडे एक नळ, असं समजा. अलीकडचा नळ उघडा आणि पलीकडचा आवळलेला असेल तर मधला दाब चढतो. या रचनेमुळेच गाळणीतला दाब इतर केशवाहिन्यांच्या जवळपास दुप्पट राहतो आणि दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं. त्यातलं बहुतेक सगळं शरीर परत शोषून घेतं. लघवी म्हणून जेमतेम दीड-दोन लिटर बाहेर पडते.

आता रक्तदाबाची गोष्ट. बसल्याजागी झटकन उठलात तर मान आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांना दाब उतरल्याचं कळतं आणि मज्जासंस्था काही सेकंदांत सावरून घेते. पण शरीरातलं पाणी आणि मीठच कमी पडलं, तर नुसत्या नसांच्या इशाऱ्यावर भागत नाही. हे लांबचं काम किडनी पाहते. अलीकडच्या नळाच्या भिंतीत खास पेशी असतात. ताण कमी पडतोय हे त्यांना स्वतःलाच जाणवतं. शिवाय त्याच गाळणीची नळी पुढे वळसा घेऊन त्यांच्या शेजारी येऊन टेकते आणि तिच्यातून किती मीठ चाललंय ते कळवते. दाब उतरला, मीठ कमी पोचलं किंवा मज्जासंस्थेने हुकूम सोडला, की या पेशी रक्तात रेनिन सोडतात.

रेनिन स्वतः दाब वाढवत नाही, ती एक कात्री आहे. यकृत रक्तात एक मोठं प्रथिन सोडत असतं, रेनिन त्याचा दहा कड्यांचा तुकडा कापते. हा तुकडा बराचसा निरुपद्रवी असतो. मग रक्तवाहिन्यांच्या, विशेषतः फुप्फुसातल्या वाहिन्यांच्या, अस्तरावर बसलेली दुसरी कात्री, एसीई, त्यातल्या दोन कड्या उडवते. उरलेल्या आठ कड्या म्हणजे अँजिओटेन्सिन-टू. खरा मामला हाच. हा रक्तवाहिन्या आवळतो, तहान लावतो आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथीकडून अल्डोस्टेरोन सोडवून घेतो. अल्डोस्टेरोन किडनीला मीठ धरून ठेवायला आणि पोटॅशियम बाहेर टाकायला लावतं. हे पोटॅशियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

(या साखळीचं पहिलं टोक १८९८ मध्ये स्टॉकहोममध्ये सापडलं. टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या किडनीचा अर्क सशाला टोचला आणि दाब चढला. दुसऱ्या कात्रीवरचं औषध मात्र सापाकडून आलं. ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषातल्या द्रव्यांवर सर्जिओ फरेरा यांनी काम केलं होतं. ही द्रव्यं एसीईला अडवतात हे पुढे कळलं आणि त्या धाग्यावरून कॅप्टोप्रिल ही गोळी तयार झाली. इतकी उलगडत गेलेली औषधं फार नाहीत, म्हणून हा कंस आवरता येत नाही.)

परत आपल्या नळांकडे. अँजिओटेन्सिन-टू दोन्ही नळ आवळतो, पण पलीकडचा जास्त. यात मोठी हुशारी आहे. रक्तस्राव झाला, अंगातलं पाणी गेलं, किडनीकडे येणारं रक्तच कमी झालं, तरी पलीकडचा नळ आवळून गाळणीतला दाब टिकवता येतो आणि गाळण्याचं काम थांबत नाही.

हीच सोय वर्षानुवर्षं चालू राहिली तर घात करते. मधुमेहात अलीकडचा नळ सैल पडतो, पलीकडचा आवळलेलाच राहतो. गाळणी रात्रंदिवस ओव्हरटाइम करते. सुरुवातीला रिपोर्ट उलट छान दिसतात, कारण क्रिएटिनिन भराभर बाहेर पडत असतं. पण त्या दाबाने गाळणीची जाळी विसविशीत होते, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन लघवीत झिरपू लागतं, आणि काही काळाने गाळणी जून होऊन बंद पडते. तिचा वाटा उरलेल्यांवर पडतो आणि त्याही तशाच झिजतात.

रामिप्रिल, एनालाप्रिल या 'प्रिल' गोळ्या दुसरी कात्री अडवतात. लोसार्टन, टेल्मिसार्टन या 'सार्टन' गोळ्या अँजिओटेन्सिन-टूला त्याच्या खुंटीवर बसूच देत नाहीत. वाट वेगळी, पण दोन्हींनी पलीकडचा नळ सैल होतो. ओव्हरटाइम बंद झाला की गाळणं थोडं कमी होतं आणि क्रिएटिनिन थोडं वर सरकतं. ('प्रिल'ने काहींना कोरडा खोकला लागतो. तीच कात्री ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्यही कापते, आणि कात्री अडली की ते साचतं. 'सार्टन'मध्ये हा त्रास सहसा नसतो.)

मग वाढ किती चालेल? गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत तपासायचं. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढून तिथेच थांबलं तर गोळी चालू ठेवायची. हा प्रश्न मला ज्या निवृत्त शिक्षकांनी सगळ्यात हट्टाने विचारला, त्यांचंच उदाहरण घेऊ. वय ५८, बारा वर्षांचा मधुमेह, दाब १५६/९२, क्रिएटिनिन १.२, पोटॅशियम ४.४. लघवीतलं अल्ब्युमिन, दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे, ६२० मिलिग्रॅम. हे ३० च्या आत असावं. टेल्मिसार्टन सुरू केली. तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.४, म्हणजे सुमारे १७ टक्के वाढ, आणि पोटॅशियम ४.९. सर फाइल घेऊन तावातावाने आले. मी गोळी चालू ठेवली. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन १.४ वरच होतं, दाब १३४/८० आणि अल्ब्युमिन ३४० वर उतरलेलं. क्रिएटिनिनचा आकडा एकटा वाचला तर गोळीने नुकसान केलं असं दिसतं. अल्ब्युमिन शेजारी ठेवलं की गाळणीतला दाब उतरलाय हे कळतं.

हा नुसता तर्क नाही. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅप्टोप्रिलच्या चाचणीत पहिल्या प्रकारचा मधुमेह आणि लघवीत प्रथिन जाणारे ४०९ रुग्ण होते. क्रिएटिनिन दुप्पट झालेले रुग्ण कॅप्टोप्रिलच्या गटात २५ निघाले, दुसऱ्या गटात ४३.

आता दुसरी बाजू, कारण गोळी प्रत्येक वेळी निर्दोषच असते असंही नाही. दोन्ही किडन्यांकडे जाणाऱ्या मुख्य धमन्या अरुंद झाल्या असतील, तर गाळणीतला दाब केवळ पलीकडच्या नळावर तगून असतो. तो सैल केला की गाळणं कोसळतं. अशा वेळी क्रिएटिनिन थोडं वाढून थांबत नाही, चढतच जातं. ३० टक्क्यांच्या पुढे गेलं की गोळी थांबवायची, आणि बाकी काही कारण सापडलं नाही तर धमन्यांची तपासणी करायची. एका अर्थी गोळीने लपलेला आजार दाखवून दिलेला असतो.

पण हा प्रकार मी क्वचित पाहतो. नेहमी पाहतो ते वेगळंच, आणि सरांनीही तेच केलं. दीड वर्षाने त्यांना उलट्या-जुलाब झाले. दोन दिवस पोटात पाणी ठरेना. त्यातच गुडघा दुखत होता म्हणून ते डायक्लोफेनॅक घेत होते. टेल्मिसार्टन मात्र शिस्तीत, रोज सकाळी. तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली. क्रिएटिनिन २.६, पोटॅशियम ५.९.

नळांच्या भाषेत पाहा. पाणी गेल्यामुळे येणारं रक्तच कमी. अशा वेळी शरीर अलीकडचा नळ उघडा ठेवायला प्रोस्टाग्लँडिन वापरतं, ते वेदनाशामकाने बंद पाडलं. पलीकडचा नळ आवळायची सोय आमच्या गोळीने काढून घेतलेली. गाळणीत दाब राहणार कुठून? सोबत लघवी वाढवणारी गोळी असती तर गाडी आणखी घसरली असती. पोटॅशियम चढलं कारण अल्डोस्टेरोन दबलेलं होतं आणि गाळणंही थंडावलेलं. सहाच्या आसपासचं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, म्हणून ईसीजी काढून त्यांना दाखल करून घेतलं. दोन्ही गोळ्या बंद, शिरेतून सलाइन. दहा दिवसांत क्रिएटिनिन परत १.४. चूक माझीही होती. आजारपणात काय करायचं हे मी त्यांना कधी नीट सांगितलंच नव्हतं.

मग टेल्मिसार्टन पुन्हा सुरू केली, तेव्हा घरच्यांनी भुवया उंचावल्या. "बंद केली तर किडनी सुधारेल ना?" याचं उत्तर २०२२ च्या एका ब्रिटिश चाचणीत मिळतं. किडनीचा आजार बराच पुढे गेलेल्या ४११ जणांपैकी निम्म्यांची अशी औषधं बंद केली, निम्म्यांची चालू ठेवली. तीन वर्षांनी दोन्ही गटांच्या किडनीच्या कामात लक्षणीय फरक नव्हता. बंद करून काही कमावलं नाही.

सरांना आता चार गोष्टी सांगून ठेवल्या आहेत. उलट्या-जुलाब लागले किंवा अन्नपाणी तुटलं तर त्याच दिवशी फोन करायचा, आम्ही गोळी तात्पुरती थांबवतो आणि खाणंपिणं पूर्ववत झाल्यावर सुरू करतो. दुखण्यावरची गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही. कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठ वापरायचं नाही, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. आणि कुणी 'प्रिल' आणि 'सार्टन' एकत्र लिहून दिल्या, तर आधी मला दाखवायचं, कारण त्या जोडीने फायदा वाढत नाही, किडनी आणि पोटॅशियमचे त्रास मात्र वाढतात. त्यांच्या मुलीलाही दाबासाठी अशीच गोळी चालू होती. तिला मूल हवंय असं बोलण्यात आलं, तेव्हा पाचवी गोष्ट तिला सांगितली: ही गोळी गर्भाला घातक आहे, दिवस राहण्याआधीच डॉक्टरांकडून बदलून घे.

सरांनी हे सगळं फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून काढलंय. खाली क्रिएटिनिनचा तक्ता आखलाय. गेल्या नोंदीतही १.४ आहे, आणि त्यापुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढायचं सोडलं आहे.