एका मिनिटाची दुरुस्ती

मी कोल्हापुरात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि गेली दोन वर्षे मराठी व्हिडिओंना उपशीर्षके करून देतो. मागच्या नोव्हेंबरमध्ये कॉस्टिंगच्या पेपरच्या दिवशी जे घडले, ते अजून मनातून जात नाही.

माझा आठवड्याचा हिशेब तसा चोख होता. 168 तासांपैकी झोप 49, कॉलेज आणि येण्याजाण्याचे 36, अभ्यास 24 आणि मेस, कपडे, इतर कामे यांचे 35 वजा केले की 24 तास उरत. त्यांतले 12 मी कामाला देत असे आणि 12 मुद्दाम मोकळे ठेवत असे, कारण हे काम ठरल्या वेळेत कधीच संपत नाही. स्वच्छ आवाजाच्या एका मिनिटाला सहा मिनिटे लागतात, पण चार माणसे एकदम बोलू लागली की दहाही पुरत नाहीत. परीक्षेच्या महिन्यात मी कामाचे तास बारावरून चारवर आणले आणि एवढी खबरदारी पुरे, असे धरून चाललो.

काम एका स्थानिक शेती-वाहिनीचे होते. ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो ऑक्टोबर-नोव्हेंबरला आणि आमची सत्र परीक्षाही त्याच सुमारास येते. म्हणजे वर्षात ज्या दिवसांत त्यांना दराच्या बैठकांचे व्हिडिओ रोज टाकायचे असतात, नेमक्या त्याच दिवसांत मला काम नको असते. हे कामाला हो म्हणताना दिसायला हवे होते. मी परीक्षेच्या वेळापत्रकाचा फोटो पाठवला, त्यावर त्यांच्याकडून अंगठा आला आणि तो मी होकार समजलो. अंगठ्याचा अर्थ ‘पाहिले’ एवढाच असतो.

पेपरच्या आदल्या संध्याकाळी अठरा मिनिटांच्या बैठकीचा व्हिडिओ आला. आठला बसलो तो अकराला उठलो. त्या तीन तासांचा मला आजही अभिमान आहे. वाहिनीने एका ओळीला 42 अक्षरांची मर्यादा घातली आहे, पण त्यांचे सॉफ्टवेअर मात्रा आणि हलन्त चिन्हेही वेगळी मोजते. ‘क्षि’ हे आपल्याला एक अक्षर दिसते आणि यंत्र ते चार मोजते. त्यामुळे ‘शिक्षित शेतकरी’ असे दोन शब्द आले, तरी ओळ अर्थ न मोडता कुठे तोडायची, याचा विचार करावा लागतो. हे ज्यांनी मर्यादा ठरवली, त्यांनी बहुधा मराठी ओळ कधी मोजून पाहिलेली नसावी.

साडेदहाला पेपर सुरू झाला. मोबाइल बंद करून बाहेर बॅगेत ठेवला होता. दीडला बाहेर आलो तेव्हा अकरा मिस्ड कॉल होते. रात्री माझी फाइल मिळाल्यावर त्यांच्या संकलकाने व्हिडिओच्या सुरुवातीला सात सेकंदांची जाहिरात जोडली होती, सकाळी अकराला व्हिडिओ प्रसिद्ध झाला आणि सगळी अक्षरे आवाजाच्या सात सेकंद आधी धावू लागली. अध्यक्ष गप्प बसलेले असताना खाली त्यांचे पुढचे वाक्य झळकत होते. एका प्रेक्षकाने विचारले होते, “आवाज कुणाचा, अक्षरे कुणाची?” पहिली नोंद अशी होती:

```
1
00:00:12,400 --> 00:00:15,900
ऊस तोडायचा कधी, ते आधी सांगा.
```

ती 00:00:19,400 पासून हवी होती. सगळ्या वेळा एकदम पुढे सरकवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, त्यामुळे दुरुस्तीला मिनिटभर पुरले असते. पण ते मिनिट तीन तास माझ्या हातात नव्हते. मालक चिडले आणि जाहिरात त्यांनीच जोडली होती, हे माझे उत्तर त्यांना पटले नाही. त्यांच्या जागी मीही चिडलो असतो. ज्याने रात्री फाइल दिली त्याने सकाळी फोन उचलावा, ही रोजच्या प्रसारणातली अपेक्षा अवाजवी नाही. मी कामाचे तास चारवर आणले होते, पण दिवसभर हाकेच्या अंतरावर असण्याची अट तशीच राहिली होती आणि ती माझ्या तक्त्यात कुठेच नव्हती.

आता मी एका संग्राहकासाठी जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे उतरवतो. वाहिनी मिनिटाला 30 रुपये देत असे, इथे 18 मिळतात. शिवाय जात्याच्या घरघरीमुळे एका मिनिटाला आठ मिनिटे जातात. तासाला 300 रुपये पडत, तिथे आता 135 पडतात. जे ऐकू येत नाही, तिथे ‘[अस्पष्ट 04:12]’ असे लिहून पुढे जातो आणि महिनाअखेरीस अशा सगळ्या जागा पुन्हा ऐकतो. एप्रिलपर्यंत 300 मिनिटे द्यायची आहेत. मधले तीन आठवडे मी कानाला हेडफोन लावला नाही, तरी कोणाचे काही अडत नाही.

परवा वाहिनीच्या मालकांचा पुन्हा फोन आला. या हंगामात मिनिटाला 40 देतो म्हणाले. परीक्षेचे वेळापत्रक अजून लागलेले नाही आणि मीही त्यांना अजून काही कळवलेले नाही.